डेटा मॅनेजमेंट प्लॅन: सहा महिन्यांत नष्ट करायचं आणि दहा वर्षं ठेवायचंही?

अर्धविराम

मंडळी, प्लॅन लिहिताना अडले आहे.

प्रकल्प असा: रात्रपाळी करणाऱ्या ३६ जणांच्या प्रत्येकी दोन मुलाखती, मध्ये साधारण दहा महिन्यांचं अंतर. पहिली फेरी पुढच्या महिन्यात सुरू होईल. अभ्यास ३१ मार्च २०२७ ला संपेल. निधी देणाऱ्या संस्थेला दोन पानी प्लॅन हवाय: फाइलींची नावं, बॅकअप, आवृत्त्या आणि काय किती काळ ठेवणार. पहिले तीन भाग जमलेत असं वाटतंय, चौथ्याला गाडी थांबली.

संमतीपत्रात आहे, "आपली ओळख पटेल अशी सर्व माहिती अभ्यास संपल्यापासून सहा महिन्यांत नष्ट केली जाईल." निधीची अट आहे, संशोधनाचा डेटा किमान १० वर्षं जपायचा. गाईड म्हणतात मागच्या प्रकल्पाचा प्लॅन घे आणि शीर्षक बदल. त्यात एवढंच आहे की "डेटा योग्य तितका काळ सुरक्षित ठेवला जाईल".

माझं आत्ताचं ठरलेलं:

नावं: सहभागीचं नाव, मग तारीख, मग आवृत्ती.
बॅकअप: सगळं संस्थेच्या ड्राइव्हवर, तिथून लॅपटॉपवर आपोआप सिंक. शिवाय आयटीवाले रोज रात्री बॅकअप घेतात.
आवृत्त्या: ट्रान्सक्रिप्ट आणि विश्लेषणाच्या स्क्रिप्ट, दोन्ही गिटमध्ये, खासगी रेपोत.

या दोन अटी एकत्र कशा बसवायच्या?

टिवल्याबावल्या

कोणीतरी `final_final2` चा विनोद करायच्या आत मी तो झाला असं जाहीर करतो. आता कामाचं बोला.

चकमक

यात अडण्यासारखं काय आहे? सिंक आहे म्हणजे दोन प्रती झाल्या, आयटीचा बॅकअप तिसरी. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक बाहेर, हा ३-२-१ चा नियम पुरा झाला. गिटमध्ये सगळी हिस्टरी राहते, तोही एक बॅकअपच. सहा महिने झाले की फोल्डर डिलीट करायचं, सिंक असल्यामुळे सगळीकडून जाईल. उरलेलं दहा वर्षं ठेवायचं. प्लॅन कोणी वाचत नाही हो, दोन पानं भरा आणि कामाला लागा.

फडताळ

चकमक, प्रती मोजायची तुमची सवय बरोबर आहे. पण सिंक ही त्यातली एक प्रत धरता येत नाही. डिलीट केल्यावर सगळीकडून जातं हेच तिचं वैशिष्ट्य तुम्ही सांगितलंत. चुकून डिलीट केलं किंवा लॅपटॉपवर खंडणीवाला व्हायरस शिरून फाइली कुलूपबंद झाल्या, तर तो बदलही तितक्याच तत्परतेने सगळीकडे पोचतो.

आता उलट बाजू बघा. मुद्दाम नष्ट करायचं तेव्हा मात्र ते सगळीकडून जात नाही. आयटीच्या बॅकअपमध्ये राहतं, गिटच्या हिस्टरीत राहतं. म्हणजे अर्धविराम यांच्या प्लॅनमधले दुसरा आणि तिसरा भाग चौथ्या भागाला खोटं पाडतात. त्या चौथ्यावर अडल्यात, पण दुरुस्ती आधीच्या तिन्हींत करावी लागेल.

संशोधनाचा डेटा सांभाळणं हेच माझं रोजचं काम, म्हणून दोन प्रश्न. पहिला, नाव आणि कोड जोडणारी यादी कुठे आहे? दुसरा, आयटीचा बॅकअप किती काळ मागे जातो? "रोज रात्री घेतात" एवढं पुरत नाही, जुनी प्रत कधी पुसली जाते ते विचारा.

अर्धविराम

वेगळी यादी नाही, कारण फाइलीच्या नावातच सहभागीचं नाव आहे. :( आयटीला विचारून सांगते.

सूक्ष्मदर्शी

माझाही प्रश्न इथेच विचारतो. आमच्याकडे सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमा आहेत, साडेचार टेराबाइट. यंत्र स्वतःच नावं देतं, `Image_0001` पासून. दर सत्राला पुन्हा ०००१. गाईडनी सांगितलं सगळ्यांना नीट नावं द्या. एका सहकाऱ्याने एकगठ्ठा नावं बदलली, तर आता यंत्राचं सॉफ्टवेअर त्या उघडेना. प्रत्येक प्रतिमेसोबत एक छोटी फाइल येते, तिच्यात जुनं नाव लिहिलेलं असतं. काय करू?

फडताळ

सूक्ष्मदर्शी, यंत्रातून आलेल्या मूळ फाइलींची नावं बदलू नका. सत्राच्या फोल्डरला नाव द्या, `2026-02-11_namuna14_s03` असं काहीतरी, आणि आत यंत्राने जे दिलंय ते जसंच्या तसं राहू द्या. कोणती प्रतिमा कशाची ते एका साध्या सीएसव्हीत लिहा. बदललेली नावं परत फिरवायला त्या सोबतच्या छोट्या फाइलीच कामाला येतील, जुनं नाव त्यांच्यातच आहे. आणि आधी सगळ्या फोल्डरची एक प्रत काढून प्रतीवर प्रयोग करा.

टिवल्याबावल्या

सीएसव्ही म्हणालात, आता कोणीतरी ती एक्सेलमध्ये उघडणार आणि नमुना `1-2` ची तारीख होणार.

जुनाट

टिवल्याबावल्या, हसू नका. जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये याच कारणासाठी जनुकांची नावं बदलली. `SEPT1` चं एक्सेल १ सप्टेंबर करत असे, म्हणून ते `SEPTIN1` झालं. `MARCH1` चं `MARCHF1` झालं. वैज्ञानिकांनी सॉफ्टवेअरपुढे हात टेकले. तेव्हा अर्धविराम, सहभागींचे कोड `007` असे ठेवू नका, पुढची शून्यं गळून ७ उरतो. सुरुवातीला अक्षर हवंच.

फडताळ

जुनाट यांना दुजोरा. नावांचंच आधी उरकू, कारण तिथली चूक पुढे सगळीकडे पसरते.

फाइलीतला मजकूर कुलूपबंद केला तरी फाइलीचं नाव उघडंच राहतं. ते बॅकअपच्या नोंदींत जातं, सिंकच्या इतिहासात जातं, "अलीकडे उघडलेल्या फाइली" मध्ये दिसतं, ईमेलच्या जोडपत्रात दिसतं. म्हणून नावात सहभागीचं नाव नको, आडनावाची आद्याक्षरंही नकोत. मुलाखतीची तारीखसुद्धा मी इथे काढून टाकेन. एरवी `20260312` अशी तारीख सुरुवातीला घालावी असं मीच सांगतो, कारण मग फाइली आपोआप क्रमाने लागतात. पण ३६ जण एकाच दोन-तीन कामाच्या ठिकाणचे असतील, तर अमुक दिवशी कोण मुलाखतीला गेलं होतं हे सहकाऱ्यांना ठाऊक असतं. तारीख यादीत ठेवा.

कोडही भेटीच्या क्रमाने देऊ नका. "पहिली मुलाखत कोणाची झाली" हेही लोकांना माहीत असतं. P01 ते P36 चिठ्ठ्या टाकून वाटा. मग उरतं एवढंच:

```
P07_r1_raw.wav
P07_r1_tr_v02.docx
P07_r1_anon.txt
```

नवखी

मराठीत नावं दिली तर चालणार नाही का? आमच्या प्रकल्पात फोल्डर `पहिल्या_फेरीतल्या`, `दुसऱ्या_फेरीतल्या` असे आहेत आणि वाचायला छान वाटतात.

कंट्रोल_झेड

चालतात. मग एक दिवस चालत नाहीत.

`दुसऱ्या` मधला ऱ संगणकावर दोन प्रकारे साठवता येतो: एकसंध, किंवा र आणि खाली नुक्ता असे दोन तुकडे. दिसायला तंतोतंत सारखे. एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना काही प्रणाली एकाचं दुसरं करतात. मग एकाच ड्राइव्हवर तुम्हाला दोन `दुसऱ्या_फेरीतल्या` दिसतात, किंवा स्क्रिप्ट म्हणते असा फोल्डरच नाही. संशय आला तर:

```
ls | xxd
```

एकसंध ऱ असेल तर `e0a4 b1` दिसेल, तुकड्यांचा असेल तर `e0a4 b0` आणि मागोमाग `e0a4 bc`. (ओळीत कुठे येतं त्यावर बाइटांच्या जोड्या वेगळ्या तुटतील, क्रम मात्र हाच.) शिवाय लिनक्सवर फाइलीच्या नावाला साधारण २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजतात. लांब नावं पन्नासेक अक्षरांतच संपतात.

फाइलींच्या आत मराठी खुशाल लिहा. नावं रोमन ठेवा.

नवखी

बापरे. आमच्याकडे खरंच दोन `दुसऱ्या` आहेत! मला वाटायचं कोणीतरी चुकून दुसऱ्यांदा बनवलाय.

टिवल्याबावल्या

दुसऱ्यांदा बनवलेला दुसरा दुसऱ्या.

अर्धविराम

आयटीचं उत्तर आलं. रोजची प्रत ३० दिवस राहते. शिवाय दर महिन्याच्या १ तारखेची प्रत १२ महिने राहते. मधली एखादी फाइल बॅकअपमधून वेचून काढता येत नाही, प्रत मुदत संपली की आपोआप पुसली जाते. बॅकअप दुसऱ्या इमारतीत असतो.

आणि गाईडना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "इतकं कोण बघतं?"

फडताळ

आता हिशोब मांडता येईल. सहा महिने म्हणजे ३० सप्टेंबर २०२७. त्या दिवशी तुम्ही नाव-कोड यादी आणि ऑडिओ प्रामाणिकपणे डिलीट केलेत. पण १ सप्टेंबर २०२७ च्या मासिक प्रतीत ते आहेत आणि ती १ सप्टेंबर २०२८ पर्यंत जगणार. म्हणजे सहभागींना दिलेला शब्द अकरा महिने मोडलेला असेल आणि कोणाला पत्ताही नसेल.

बॅकअपची मुदत संपूनच शब्द पाळायचा म्हटलं, तर यादी १ ऑक्टोबर २०२६ च्या प्रतीपूर्वीच पुसावी लागेल. तेव्हा तुमची दुसरी फेरी झालेलीच नसते आणि P07 म्हणजे कोण हे यादीशिवाय कळणार नाही. तो मार्ग बंद.

उरतात दोन. एक, ओळख पटवणारा डेटा आयटीच्या सर्वसाधारण बॅकअपमध्ये जाऊच द्यायचा नाही. दोन, कूटबद्ध करून जाऊ द्यायचा आणि शेवटी किल्ली नष्ट करायची. तिसराही आहे, संमतीपत्रातलं वाक्य बदलायचं, पण ते एथिक्स कमिटीचं काम आहे.

चकमक

दुसरा मार्ग भारी आहे. व्हेराक्रिप्टचा एक डबा करा, सगळं त्यात टाका. सहा महिने झाले की पासवर्ड बदलून असं काहीतरी टाका जे कोणालाच माहीत नाही. सगळ्या प्रती बाद. काम फत्ते.

कंट्रोल_झेड

बाद नाही होत. पासवर्ड बदलला की डब्याच्या सुरुवातीचा छोटा भाग नव्याने लिहिला जातो, आतली खरी किल्ली तीच राहते. बॅकअपमधल्या जुन्या प्रतीत जुना सुरुवातीचा भाग आहे, तो जुन्या पासवर्डने उघडतो. जुना पासवर्ड माहीत असलेला कोणीही ती प्रत उघडेल.

म्हणून पासवर्ड बदलायचा नाही, विसरला जाईल असा मुळातच ठेवायचा. सॉफ्टवेअरने बनवलेली यादृच्छिक किल्ली-फाइल दोन पेनड्राइव्हवर, दोन वेगळ्या कुलपांत, आणि डबा उघडायला तीच लागते. पेनड्राइव्ह आयटीच्या बॅकअपमध्ये कधीच जात नाहीत. शेवटी दोन्ही फोडायचे. किल्ली-फाइल लॅपटॉपवर "तात्पुरती" कॉपी केलीत तर सगळा डाव संपला.

चकमक

हे माहीत नव्हतं. मान्य. पण मग एक पेनड्राइव्ह बिघडला आणि दुसरा हरवला, तर दुसऱ्या फेरीआधीच प्रकल्प बाराच्या भावात.

कंट्रोल_झेड

हो. तीच किंमत आहे. दर तीन महिन्यांनी दोन्ही पेनड्राइव्हनी डबा उघडून बघायचा, दुसरा उपाय नाही.

जुनाट

मी जरा वेगळं बोलणार आहे. तुम्ही सगळे नष्ट कसं करायचं यात रंगलात. ऑडिओ नष्ट करावा का, हे कोणी विचारत नाही.

ट्रान्सक्रिप्ट म्हणजे मुलाखत नव्हे. थांबणं, आवंढा गिळणं, हसत हसत "काही त्रास नाही हो" म्हणणं, हे कागदावर येत नाही. उद्या कोणी म्हणालं की तुम्ही या माणसाचं म्हणणं चुकीचं ऐकलंत, तर दाखवणार काय? एका प्रकल्पात परीक्षकाने ट्रान्सक्रिप्टमधल्या एका "नाही" वर शंका घेतली होती. ऑडिओ पुसलेला होता. तो "नाही" तिथे खरंच होता का, हे आजही कोणाला ठाऊक नाही. ७२ तासांचा ऑडिओ म्हणजे जागा तरी किती लागणार?

कंट्रोल_झेड

एका चॅनलचा साधा वेव्ह, सीडीच्या दर्जाचा, तासाला साधारण ३१७ एमबी. ७२ तासांचे तेवीस जीबी. जागेचा प्रश्नच नाही.

समितीबाहेरची

पूर्वी एका एथिक्स कमिटीवर होते, म्हणून लिहिते. जुनाट सरांचा मुद्दा आम्हीही ऐकायचो आणि तो खोटा नाही. पण आवाज ही ओळख आहे. दहा वर्षं ठेवायचा असेल तर तसं सहभागीला आधी विचारायला हवं, त्याच्या संमतीपत्रात वेगळी चौकट करून. "नष्ट करू" लिहून नंतर विद्वत्तेसाठी ठेवून घेणं चालणार नाही.

अर्धविराम, एक सांग. संमतीपत्रावर अजून कोणाची सही झालेली नाही ना?

अर्धविराम

नाही ताई, पहिली मुलाखत पुढच्या महिन्यात आहे.

समितीबाहेरची

मग आत्ताच दुरुस्ती पाठव. सही झाल्यानंतर प्रत्येकाकडे पुन्हा जावं लागतं आणि निम्मे लोक फोन उचलत नाहीत. वाक्य साधं ठेव: वापरातल्या प्रती सहा महिन्यांत नष्ट होतील, संगणकाच्या सुरक्षा-प्रतींमधल्या त्यानंतर आणखी बारा महिन्यांच्या आत आपोआप पुसल्या जातील, आणि दरम्यान त्या उघडल्या जाणार नाहीत. लोकांना हे कळतं. आम्हाला खटकायचं ते "सर्व माहिती" आणि "नष्ट" हे शब्द बिनदिक्कत वापरणं.

आणखी एक राहिलंय. माघार घेण्याचा हक्क तू दिला असशील. यादी नष्ट झाल्यावर कोणी म्हणालं माझा डेटा काढा, तर कोणता काढणार? त्याची शेवटची तारीख संमतीपत्रातच हवी, आणि ती यादी नष्ट करायच्या तारखेच्या आधीची हवी.

फडताळ

हा माघारीचा मुद्दा माझ्याकडून सुटला असता. धन्यवाद.

पण ताई, वाक्य बदलल्याने किल्लीवाला उपाय अनावश्यक होतो असं मला वाटत नाही. यादीसाठी तरी तो ठेवावा. ऑडिओ आयटीच्या बॅकअपमध्ये कूटबद्ध राहिला आणि वर्षभराने गेला तर तुमच्या नव्या वाक्यात बसतं. यादी ही जेमतेम ३६ ओळींची फाइल, तिला सर्वसाधारण बॅकअपमध्ये जायचं कारणच नाही.

समितीबाहेरची

इथे मी सहमत नाही. जितकी व्यवस्था गुंतागुंतीची तितकी ती पहिल्या महिन्यात मोडते. घाई असते, पेनड्राइव्ह कुलपात असतो, मग कोणीतरी यादीची एक प्रत ईमेलने स्वतःलाच पाठवतं. साधी व्यवस्था आणि खरं वाक्य, मी त्याच्या बाजूची.

सूक्ष्मदर्शी

मध्येच: नावं परत फिरली, प्रतिमा उघडल्या! पण आता गाईड म्हणतात साडेचार टेराबाइट दहा वर्षं ठेवायचं. पेशींना संमती लागत नाही, पण जागा लागते.

फडताळ

अभिनंदन. तुमच्याकडे प्रश्न वेगळा आहे: कोणती प्रतिमा पुन्हा काढता येते आणि कोणती नाही? नमुना संपला असेल तर मूळ प्रतिमा ठेवावीच लागेल. प्रक्रिया केलेल्या प्रती स्क्रिप्टने पुन्हा बनत असतील तर स्क्रिप्ट ठेवा, प्रती सोडा. फोकस चुकलेल्या, चाचणीच्या प्रतिमा आत्ताच काढा. वर्षाने त्या ओळखू येणार नाहीत. वेगळा धागा काढलात तर सविस्तर बोलू.

चकमक

गिटचं राहिलं. ते तर खासगी रेपोत आहे, तिथे काय अडचण?

कंट्रोल_झेड

ट्रान्सक्रिप्टच्या पहिल्या आवृत्तीत नावं असतात. तिसऱ्या आवृत्तीत ती काढली. पहिली आवृत्ती हिस्टरीत आहे. जुनं परत मिळावं यासाठीच तर गिट असतं.

शोधायचं असेल तर:

```
git log --all --oneline -S 'नाव'
```

कोटात खरं नाव टाका, ते ज्या कमिटमध्ये आलं-गेलं त्या दिसतील. पण ट्रान्सक्रिप्ट `.docx` असतील तर काहीच सापडणार नाही, कारण ती आतून झिप असते. सापडलं नाही म्हणजे नाही, असं समजू नका.

`git filter-repo` ने हिस्टरी पुन्हा लिहिता येते. पण आधी ज्यांनी क्लोन केलंय त्यांच्याकडे जुनी तशीच राहते, आणि त्यांच्यापैकी एकाने पुश केलं तर घाण परत येते.

फडताळ

म्हणून रेपोत फक्त स्क्रिप्ट, विश्लेषणात मजकुराला लावलेल्या संकेतनांची सूची आणि प्लॅन स्वतः. ट्रान्सक्रिप्ट `_v01`, `_v02` असं नावातच क्रमांक लावून, कूटबद्ध फोल्डरमध्ये. निनावी केलेली `.txt` दुसऱ्या माणसाने तपासल्यावरच रेपोत येईल. रेपो डेटाच्या फोल्डरच्या आत बनवू नका, शेजारी बनवा. `.gitignore` वर भरवसा ठेवला की कधीतरी एक `git add -f` होतोच.

जुनाट

बरं, दहा वर्षं. कधीपासून? यावर कोणी बोललंच नाही. प्रकल्प संपल्यापासून की शोधनिबंध आल्यापासून?

चकमक

प्रकल्प संपल्यापासून, अर्थात.

फडताळ

"अर्थात" नाही. जर्मनीत संशोधनाला निधी देणाऱ्या डीएफजीचा नियम साधारणपणे १० वर्षं असा आहे आणि घड्याळ सुरू होतं निष्कर्ष सार्वजनिक झाल्यापासून. ब्रिटनमधल्या तशाच ईपीएसआरसीकडेही किमान १० वर्षं आहेत, पण कोणी तो डेटा मागितला की त्या मागणीपासून पुन्हा मोजायचं. युरोपातल्या औषधचाचण्यांची मुख्य कागदपत्रं तर चाचणी संपल्यावर २५ वर्षं. तुमचा शोधनिबंध २०२९ ला आला तर एका नियमाने २०३७ आणि दुसऱ्याने २०३९. अर्धविराम, तुमच्या करारातलं वाक्य बघा आणि ते शब्दशः प्लॅनमध्ये घ्या.

आणि जबाबदार म्हणून स्वतःचं नाव लिहू नका. २०३७ ला तुम्ही तिथे नसाल, तुमचं ईमेल खातं तर नसेलच. पद लिहा: विभागाचा डेटा-प्रमुख, तो नसेल तर विभागप्रमुख.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. करारात "निष्कर्ष प्रकाशित झाल्यापासून" असंच निघालं. संमतीपत्राची दुरुस्ती काल पाठवली. गाईड आधी कुरकुरले, मग अकरा महिन्यांचा हिशोब दाखवल्यावर गप्प झाले.

चौथ्या भागाचा मसुदा असा झालाय:

"नाव-कोड यादी: कूटबद्ध डब्यात, सर्वसाधारण बॅकअपबाहेर, दोन इमारतींत दोन प्रती, दर तीन महिन्यांनी उघडून तपासणी. माघारीची अंतिम तारीख ३१ ऑगस्ट २०२७. यादी ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत नष्ट.

ऑडिओ आणि नावं असलेली ट्रान्सक्रिप्ट: कूटबद्ध, संस्थेच्या ड्राइव्हवर. वापरातल्या प्रती ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत नष्ट. बॅकअपमधली शेवटची मासिक प्रत १ सप्टेंबर २०२८ ला संपेल.

निनावी ट्रान्सक्रिप्ट, संकेतनांची सूची, स्क्रिप्ट: निष्कर्ष प्रकाशित झाल्यापासून १० वर्षं, साध्या मजकूर स्वरूपात. जबाबदारी: विभागाचा डेटा-प्रमुख."

ऑडिओ ठेवण्याची चौकट संमतीपत्रात घालावी की नाही हे मात्र ठरलेलं नाही. गाईड जुनाट सरांच्या बाजूचे, मी नाही.

फडताळ

छान झालाय. दोन भर घाला. रोजच्या प्रतींचाही हिशोब लिहा, ३० दिवसांचा. मासिक प्रतीआधीच त्या संपतात, पण वाचणारा विचारेल.

दुसरं, ज्या प्रती तुम्ही बनवलेल्याच नाहीत असं वाटतं त्यांची यादी: रेकॉर्डरचं कार्ड, ट्रान्सक्रिप्ट करणाऱ्याचा लॅपटॉप, डाउनलोड फोल्डर, वर्डने आपोआप जपलेल्या प्रती. कार्ड पुसण्याआधी ड्राइव्हवरची प्रत जुळते का ते तपासा. कार्डवरच्या फोल्डरमध्ये पहिली ओळ चालवा, ती फाइल ऑडिओसोबत ड्राइव्हवर न्या आणि तिथे दुसरी:

```
sha256sum *.wav > manifest.sha256
sha256sum -c manifest.sha256
```

सगळीकडे `OK` आलं तरच कार्ड पुसायचं. फाइलींची नावं या तपासणीनंतर बदला, आधी बदललीत तर दुसऱ्या ओळीला त्या सापडणार नाहीत.

जुनाट

चौकट घाला हो. ज्याला नको तो खूण करणार नाही. ३६ पैकी वीसांनी केली तरी वीस आवाज राहतील.

समितीबाहेरची

आणि ते वीस कोण हे कळायला यादी लागेल, जी सप्टेंबरात नष्ट होणार. खूण कोडशी जोडून ठेवावी लागेल, संमतीपत्रांच्या मूळ कागदांपासून वेगळी. सही केलेले कागद किती काळ ठेवणार, हे तुझ्या मसुद्यात नाही बघ. त्यावर नावंच असतात.

अर्धविराम

अरे देवा. कागद! ते गाईडच्या कपाटात जाणार आहेत. समितीला विचारते.